क्रिएटिनचा डबा आणि सत्तरीतला मेंदू

जिमला जाणाऱ्या नातवाच्या कपाटातला क्रिएटिनचा डबा आता आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी येऊन बसला आहे. मोबाइलवर फिरणारे निरोप सांगतात की रोज एक चमचा पांढरी पावडर पाण्यातून घेतली की मेंदूला ऊर्जा मिळते, स्मरणशक्ती टिकते, अल्झायमर लांब राहतो. यातला काही भाग खऱ्या संशोधनातून आला आहे, म्हणूनच त्यातलं खरं-खोटं ओळखायला अवघड जातं. साठी ओलांडलेल्या वाचकांना आणि त्यांच्या मुलाबाळांना माझं सांगणं सरळ आहे. पायातल्या ताकदीसाठी, व्यायामाच्या जोडीने क्रिएटिन घ्यायचं असेल तर जरूर विचार करा. स्मरणशक्तीसाठी म्हणून त्यावर पैसे घालू नका. आणि घरातल्या कुणाचा विसरभोळेपणा वाढला असेल, तर तपासणीच्या आधी त्यांच्या हातात ही पावडर देऊ नका.

असं का म्हणतो, ते नीट सांगायला हवं.

क्रिएटिन हे काही परकं औषध नव्हे. आपल्या किडन्या आणि यकृत मिळून ते रोज साधारण एक ग्रॅम तयार करतात. मांस-मासळी खाणाऱ्यांना आणखी सुमारे एक ग्रॅम ताटातून मिळतं. शरीरातलं पंचाण्णव टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये असतं. त्याचं काम घरातल्या इन्व्हर्टरसारखं आहे. पेशीला अचानक जास्त ऊर्जा लागली आणि अन्नातून ती तयार व्हायला थोडा वेळ लागणार असला, तर मधल्या काही क्षणांपुरती साठवलेली ऊर्जा क्रिएटिन पुढे करतं. खुर्चीतून झटकन उठताना मांड्यांना जे बळ लागतं, त्याची पहिली काही सेकंदं या साठ्यावर जातात.

मेंदूलाही हीच सोय आहे. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतल्या शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. अल्झायमरच्या आजारात मेंदूच्या काही भागांचा साखर वापरण्याचा वेग कमी होतो, आणि तो स्कॅनवर दिसतो. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात साधा प्रश्न आला. ऊर्जा कमी पडते आहे, तर राखीव साठा वाढवून पाहावा का? प्रश्न रास्त होता आणि अजूनही आहे. आशेला आधार आहे, हे मी नाकारत नाही.

अडचण दारातच येते. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर कडक पहारा असतो. क्रिएटिनला आत नेणारं एक ठरावीक प्रथिन आहे, पण त्या मार्गाने फार थोडं आत जातं, आणि मेंदू स्वतःच्या गरजेचं क्रिएटिन बरंचसं स्वतःच बनवतो. स्नायूंचं असं नाही. रोज वीस ग्रॅम घेतलं तर पाच-सहा दिवसांत स्नायूंतला साठा लक्षात येण्याइतका वाढतो. जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे १९९९ साली तरुण, निरोगी लोकांना तेवढंच क्रिएटिन चार आठवडे दिलं, तेव्हा मेंदूतलं प्रमाण सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढलं. डब्यावर लिहिलेल्या नेहमीच्या मात्रेच्या ते चौपट होतं, आणि एक महिना रोज घेतलेलं होतं. ब्राझीलमधल्या एका गटाने मुलं, प्रौढ आणि वृद्ध अशा तिन्ही वयोगटांना आठवडाभर मोठी मात्रा दिली. स्नायूंमधला साठा वाढला, मेंदूतला वाढल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. ‘तुम्ही मांस खात नाही, म्हणजे तुमच्या मेंदूला क्रिएटिन कमी पडणारच’ असं सांगून ही पावडर विकली जाते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंमध्ये क्रिएटिन थोडं कमी असतं, हे खरं. पण मेंदूचं मोजमाप केलं तेव्हा शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यात फरक आढळला नाही. मेंदू आपलं आपण भागवतो. वरणभात खाऊन सत्तरी गाठलेल्या माणसाचा मेंदू उपाशी आहे, ही भीती मनातून काढून टाका.

आता त्या प्रयोगाकडे वळू, ज्याच्या जोरावर सध्याचा सगळा गाजावाजा चालला आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात अल्झायमर असलेल्या वीस जणांना रोज वीस ग्रॅम क्रिएटिन आठ आठवडे दिलं गेलं. दहा ग्रॅम एका वेळी, दहा ग्रॅम दुसऱ्या वेळी. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. वीसपैकी एकोणीस जणांनी ठरलेल्या मात्रेपैकी किमान ऐंशी टक्के पावडर घेतली, म्हणजे ती झेपली. मेंदूतलं क्रिएटिन अकरा टक्क्यांनी वाढलं. स्मरण, लक्ष आणि वाचन यांच्या काही चाचण्यांमध्ये गुणही वाढले. आठ आठवड्यांत, तेही अल्झायमरमध्ये! बातमी वाचून कुणाचंही मन हलेल. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांचं तर हलणारच.

पण या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बिनऔषधी पावडर घेणारे कुणीच नव्हते. सर्वांना माहीत होतं की आपण खरी पावडर घेतो आहोत, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. स्मरणशक्तीची एकच चाचणी आठ आठवड्यांनी पुन्हा दिली, तर माणूस नुसत्या सवयीनेही थोडे जास्त गुण मिळवतो. शिवाय एखाद्या अभ्यासात भाग घेतला की आठवड्याला फोन येतो, विचारपूस होते, घरची माणसं वेळेवर जेवू-खाऊ घालतात. या सगळ्याचा वाटा किती आणि पावडरचा किती, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. संशोधकांनी तसा दावाही केला नव्हता. वृद्ध रुग्ण एवढी मोठी मात्रा घेऊ शकतात का, आणि ती मेंदूपर्यंत पोहोचते का, हे त्यांना पाहायचं होतं. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असं मिळालं, आणि ते मोलाचं आहे. आजार थांबतो का, हा प्रश्न त्यांनी अजून विचारलेलाच नाही.

मी एवढा सावध का, याचं कारण पार्किन्सनच्या आजारात घडलेल्या एका गोष्टीत आहे. तिथेही पेशींच्या ऊर्जेत बिघाड होतो, तिथेही उंदरांवरचे प्रयोग उत्साह वाढवणारे होते. २००६ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या चाचणीने सांगितलं की क्रिएटिनवर पुढे काम करणं योग्य ठरेल. म्हणून मोठी चाचणी उभी राहिली. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचेचाळीस केंद्रांवर १,७४१ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना रोज दहा ग्रॅम क्रिएटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी पावडर, तीही वर्षानुवर्षं. कुणाला काय मिळतं, हे ना रुग्णाला माहीत होतं ना डॉक्टरला. २०१३ साली मधला हिशेब पाहिला, तेव्हा दोन्ही गट सारखेच घसरत चालले होते. पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी थांबवली गेली. हंटिंग्टनच्या आजारात तर रोज चाळीस ग्रॅमपर्यंत मात्रा नेऊन पाहिली, साडेपाचशेच्या वर रुग्णांवर. ती चाचणीही अशीच थांबवावी लागली.

अल्झायमर हा वेगळा आजार आहे. तिथेही असंच होईल, असं यावरून सिद्ध होत नाही. पण उंदरांवर चाललं, छोट्या गटात बरं दिसलं, मोठ्या तुलनेत टिकलं नाही, ही वाट याच पावडरने याआधी दोनदा चाललेली आहे. वीस जणांच्या बातमीवर घरातल्या माणसाची आशा बांधण्याआधी हे माहीत असलं पाहिजे.

बरं, आजार नाही, फक्त वय वाढलं आहे, अशा निरोगी माणसाचं काय? इथेही सुरुवात झोकात झाली होती. सिडनीत २००३ साली पंचेचाळीस तरुण शाकाहारी लोकांना रोज पाच ग्रॅम क्रिएटिन सहा आठवडे दिलं, आणि आकडे उलट क्रमाने म्हणण्याच्या चाचणीत त्यांनी चांगलीच प्रगती दाखवली. आज जे निरोप फिरतात, त्यातल्या बऱ्याचशांचं मूळ हेच. वीस वर्षांनी जर्मनीत १२३ जणांवर तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला. नियम आधी जाहीर केले होते, शाकाहारी आणि मांसाहारी दोघांनाही घेतलं होतं. परिणाम असलाच तर इतका लहान निघाला की तो योगायोग नव्हे, असं ठामपणे म्हणता आलं नाही. शाकाहाऱ्यांना जास्त फायदा झाला, असंही दिसलं नाही. ब्राझीलमध्ये वयस्क स्त्रियांना चोवीस आठवडे क्रिएटिन दिलं, काहींना वजनांच्या व्यायामासोबत आणि काहींना व्यायामाविना. क्रिएटिनमुळे बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची उदासी मात्र कमी झाली. हा निकाल मला फार बोलका वाटतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२४ साली सगळे पुरावे तपासले आणि क्रिएटिनमुळे बौद्धिक क्षमता सुधारते, हा संबंध सिद्ध झालेला नाही असा निर्वाळा दिला.

एक अपवाद नोंदवतो. रात्रभर जागवलेल्या पंधरा तरुणांना जर्मनीत एकदाच खूप मोठी मात्रा दिली, तेव्हा त्यांच्या विचारांचा वेग त्या रात्री कमी घसरला. मेंदू ताणाखाली असताना राखीव साठा कामी येत असावा, असं त्यातून सुचतं. पण साठ किलोच्या माणसाला ती मात्रा एका वेळी एकवीस ग्रॅम होईल. ज्येष्ठांना झोप लागत नसेल तर झोप का लागत नाही हे पाहावं. जागरणावर पावडरचा उतारा शोधू नये.

म्हणजे स्मरणशक्तीच्या बाबतीत निरोगी ज्येष्ठाने काय अपेक्षा ठेवावी? जाणवेल असा फरक पडणार नाही, हीच. नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठे ठेवला ते विसरायला होतं, ते पावडर घेऊनही होत राहील.

स्नायूंची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे मी मोकळेपणाने ‘घेऊन पाहा’ म्हणतो. पन्नाशी-साठीनंतरच्या लोकांवरच्या बावीस अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली मांडला गेला. सर्वांनी वजनांचा व्यायाम केला होता. त्यात क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबी वगळून उरणारं वजन इतरांपेक्षा सरासरी १.३७ किलोने जास्त वाढलं, ताकदही थोडी जास्त वाढली. या किलोत काही भाग पाण्याचा असतो, हे लक्षात ठेवा. आणि हे सगळं व्यायामाच्या जोडीने घडलेलं आहे. सोफ्यावर बसून पावडर प्यायलात तर हाती फारसं काही लागत नाही.

घ्यायचंच असेल तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. डब्यावर आणखी वीस घटकांची नावं असतील तर तो डबा खाली ठेवा. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतात. आठवडाभर वीस-वीस ग्रॅम घेण्याची पैलवानी पद्धत ज्येष्ठांना नको, तिने पोट बिघडू शकतं आणि जुलाब होऊ शकतात. कमी मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात. डब्यातल्या चमच्यात किती ग्रॅम मावतात ते लेबलवर वाचा, घरातला पोह्याचा चमचा वापरू नका. गार पाण्यात ही पावडर वाळूसारखी तळाशी बसते आणि शेवटच्या घोटात दाताखाली करकरते. कोमट पाण्यात ढवळलीत तर विरघळते. ढवळून लगेच प्या, कारण पाण्यात बराच वेळ राहिली की ती हळूहळू निकामी होत जाते. पहिल्या काही आठवड्यांत वजन एखादा किलो वाढेल. ते पाणी असतं, घाबरू नका. हृदय कमजोर असल्यामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

फरक पडला की नाही, हे मोजायची सोपी रीत आहे. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी दुमडा आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं, ते मोजा. घरातलं कुणी शेजारी उभं असू द्या. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा आणि वजनांचा हलका व्यायाम करून तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल तर आधी व्यायाम तपासा. स्मरणशक्तीची अशी घरगुती मोजणी मात्र करू नका. पैसे खर्च केलेल्या माणसाला आपलं डोकं तल्लख झाल्यासारखं वाटतंच.

आता सर्वांत जास्त गोंधळ जिथे होतो, तिथे येतो. क्रिएटिन शरीरात खर्च होताना त्याचं क्रिएटिनिन बनतं, आणि किडनी कशी चालली आहे हे पाहायला प्रयोगशाळा रक्तातलं क्रिएटिनिनच मोजते. समजा, सत्तर वर्षांचे एक काका आहेत. गेल्या वर्षी त्यांचं क्रिएटिनिन १.१ होतं. त्यावरून सध्याच्या सूत्राने किडनीच्या गाळण्याचा अंदाज ७२ येतो. काकांनी मुलाच्या सांगण्यावरून चार महिने क्रिएटिन घेतलं, आणि यंदाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ आलं. तेच सूत्र आता ५९ दाखवतं. साठच्या खालचा आकडा ठळक अक्षरात छापला जातो, घरात काळजी पसरते, बीपीची गोळी बदलावी का अशी चर्चा सुरू होते. कदाचित किडनीला काहीच झालेलं नसेल. क्रिएटिनिन जास्त तयार होतं आहे म्हणून आकडा फुगला असेल.

इथे दोन चुका होऊ शकतात. डॉक्टरांना पावडरचं सांगितलंच नाही, तर ते नसलेल्या आजाराचा पाठलाग करतील. उलट बाजूने, ‘ते क्रिएटिनमुळेच असणार’ म्हणून आकडा झटकून टाकला, तर खरोखर बिघडत चाललेली किडनी हातून निसटेल, आणि मधुमेह व रक्तदाब घराघरांत असताना ही दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून पावडर सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढे आकडा वाढला तर पावडर बंद करून चार ते सहा आठवड्यांनी परत तपासा. घाई असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही वेगळी तपासणी सांगू शकतात, तिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही. निरोगी किडनीला नेहमीच्या मात्रेने इजा झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे किंवा जे गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेतात, त्यांनी आपल्या मनाने सुरुवात करू नये.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी खरोखरच कुणाचं तरी विसरणं वाढलं आहे. आई तोच प्रश्न अर्ध्या तासात चौथ्यांदा विचारते, वडील नेहमीच्या वाटेवर चुकतात, आयुष्यभर बँकेचे व्यवहार सांभाळलेल्या माणसाला पासबुक समजेनासं होतं. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, न ऐकू येणं, रोजची झोपेची गोळी यांनीही माणूस असाच वागू लागतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असेल, तर त्याचं बी-१२ तपासायलाच हवं. ती कमतरता वेळेत भरली नाही, तर मेंदूचं आणि नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. ‘दोन-तीन महिने क्रिएटिन देऊन पाहू’ म्हणत घालवलेले महिने त्या वेळेतलेच असतात.

अल्झायमरचं निदान होऊन गेलं असेल आणि तरीही तुम्हाला द्यावंसं वाटत असेल, तर तुमची तळमळ मला समजते. पण वीस ग्रॅमची मात्रा घरी देऊ नका. ज्यांना तहान लागल्याचं सांगता येत नाही, पोट दुखतंय हे सांगता येत नाही, त्यांच्यात त्रास उशिरा कळतो. डॉक्टरांची संमती असेल तर तीन ते पाच ग्रॅम द्या. पाणी किती प्यायलं जातं, वजन किती भरतं, शौच कसं होतं याकडे लक्ष ठेवा, आणि पावडर कोणत्या तारखेला सुरू केली ते त्यांच्या औषधांच्या यादीत इतर गोळ्यांच्या खाली लिहा, म्हणजे उद्या दवाखान्यात दुसरंच कुणी सोबत गेलं तरी डॉक्टरांना ते दिसेल.